वास्तुशांतीच्या जेवणाच्या ऑर्डर मिळवून देणारी पोस्ट: तयारीपासून तारीख भरेपर्यंत

केटरिंगच्या बहुतेक पोस्टचा साचा ठरलेला असतो. वर इंटरनेटवरून उचललेला थाळीचा फोटो आणि खाली हा मजकूर:

> घरगुती चवीचे रुचकर जेवण! वास्तुशांत, बारसे, डोहाळजेवण, वाढदिवस, श्राद्ध सर्व प्रकारच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील. व्हेज-नॉनव्हेज. योग्य दर. त्वरित संपर्क साधा.

अशा पोस्टला फोन येतात, ऑर्डर येत नाहीत. वीस जण दर विचारतात आणि गप्प होतात. दोघांना 12 माणसांचं जेवण हवं असतं, एक जण 30 किलोमीटरवर राहत असतो. ज्याला खरोखर 40 पानांची वास्तुशांत करायची आहे तो फोनच करत नाही, कारण त्याला पडलेल्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर पोस्टमध्ये नसतं. कांदा-लसणाशिवाय करतात का? नव्या घरात गॅस नाही, मग कसं? नैवेद्याचं काय? गुरुजींचं आटपायला उशीर झाला तर?

म्हणून एका पोस्टमध्ये एकच कार्य घ्यावं. इथे वास्तुशांत घेतली आहे. ती नीट जमली की डोहाळजेवण, बारसं, केळवण, एकसष्टी यांच्या पोस्ट त्याच सांगाड्यावर बसतात. फरक कुठे करायचा ते शेवटच्या टप्प्यात आहे.

## टप्पा 1: लिहायला बसण्याआधी कार्याचा दिवस कागदावर मांडा

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणारी माणसं बहुतेक घरांत दोन खेपांत येतात. सकाळी पूजा आणि होम होतो, मग नैवेद्य, मग जवळच्या माणसांचं जेवण. संध्याकाळी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला शेजारी, ऑफिसमधले, सोसायटीतले येतात. यजमान फोनवर सांगतो, ‘शंभर माणसं आहेत.’ त्यातली 35 जेवायला असतात आणि 65 प्रसाद आणि अल्पोपहाराला. शंभर पानांचा दर ऐकून तो घाबरतो आणि ऑर्डर हातची जाते. पोस्टमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या आणि वेगवेगळ्या दरांनी दिसल्या, तर तो स्वतःच हिशोब करून फोन करतो.

दुसरी अडचण जागेची. वास्तुशांतीचं घर बहुतेक वेळा रिकामं असतं. पाइप गॅस सुरू झालेला नसतो, सिलिंडर जुन्या घरी असतो, भांडी खोक्यांत असतात, पिण्याच्या पाण्याची खात्री नसते. ‘तुमच्याकडे येऊन करून देऊ’ हे वाक्य इतर कार्यांना चालतं, इथे त्याने माणूस उलट बिचकतो. ‘गॅस नसला तरी चालेल, सगळं शिजवून आणतो’ ही एक ओळ वास्तुशांतीच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त काम करते. तरीही ती फार थोड्या पोस्टमध्ये दिसते.

तिसरी गोष्ट नैवेद्य. नैवेद्याचं ताट जेवणाच्या आधी लागतं. जेवणाची गाडी साडेबाराला येणार आणि गुरुजींनी सव्वाबाराला नैवेद्य मागितला, तर कार्याच्या घरात गोंधळ उडतो. नैवेद्याचे डबे आधी भरायचे आणि आधी पोचवायचे, हे तुमच्या कामाच्या क्रमात बसतंय का ते आताच ठरवा. बसत असेल तरच पोस्टमध्ये लिहा.

प्रसादाच्या शिऱ्याचंही ठरवून ठेवा. काही घरांत तो घरच्याच बाईने सोवळ्यात करायचा असतो, काहींना तो तुमच्याकडून हवा असतो. सव्वा किलो रव्याचा शिरा शंभरेक जणांना प्रसादापुरता होतो. त्यामुळे माप आणि दर पोस्टमध्ये वेगळ्या ओळीत टाकता येतात.

थांबा, तपासा: तुमच्या स्वयंपाकघरात मांसाहारी पदार्थ होतात का? वास्तुशांतीचा यजमान, निदान त्याची आई, हे विचारतेच. होत असतील तर भांडी वेगळी आहेत का, त्या दिवशी मांसाहारी ऑर्डर बंद ठेवता का, याचं खरं उत्तर तयार ठेवा. ‘शुद्ध शाकाहारी’ असं लिहून त्याच पानावर चिकन बिर्याणीचा फोटो असेल, तर तो फोटो लोकांना आधी सापडतो.

## टप्पा 2: दर ठरवा, नंतरच पोस्ट

‘योग्य दर’ असं लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दर ठरवलेलाच नसतो. समोरचा माणूस बघून ते आकडा सांगतात. एकाच सोसायटीतल्या दोन घरांना दोन दर गेले की तिसरी ऑर्डर तिथून येत नाही.

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. बाजार आणि गाव बघून तुमचे घाला. हिशोबाची रीत मात्र अशीच ठेवा. 40 पानं धरू.

- कच्चा माल, पानामागे 130 रुपये: 5,200
- गॅस: 400
- दोन मदतनीस, एक स्वयंपाकाला आणि एक पोचवायला-उतरवायला: 1,400
- टेम्पो किंवा रिक्षा, जाऊन-येऊन: 600
- पत्रावळी, द्रोण, ग्लास, पानामागे 12 रुपये: 480
- वाढीव तयारी, मालाच्या 10 टक्के: 520

एकूण 8,600, म्हणजे पानाला 215 रुपये. दर 300 ठेवला तर पानामागे 85, म्हणजे 3,400 रुपये उरतात. त्यातच तुमची दोन दिवसांची मेहनत, भांड्यांची झीज आणि नफा.

आता हाच हिशोब 20 पानांचा करा. माल 2,600, गॅस 250, पत्रावळी 240, वाढीव तयारी 260. मदतनीस आणि गाडी मात्र तितकीच, 1,400 आणि 600. एकूण 5,350, म्हणजे पानाला साधारण 267. दर 300 च राहिला तर सगळ्या खटाटोपाचे 650 रुपये सुटतात. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं: दर 40 पानांचा आणि ऑर्डर 20 पानांची. म्हणून पोस्टमध्ये किमान पानं आणि दराच्या पायऱ्या, दोन्ही हव्यात. वरच्या हिशोबाने 30 पानांना खर्च 233 च्या आसपास येतो. तेव्हा 30 ते 39 पानांना 325 आणि 40 पासून पुढे 300 अशी पायरी बसते. तीसच्या खालची ऑर्डर घ्यायचीच असेल, तर पदार्थ कमी करा आणि यजमानाने येऊन न्यायचं ठरवा. तो दर या पोस्टमध्ये घालू नका.

दराच्या शेजारी लगेच लिहा, दरात काय धरलंय आणि काय नाही. वाढपी, टेबलं, पाण्याचे जार, स्टीलची ताटं, उष्टं उचलणं या पाच गोष्टींवरून कार्याच्या दिवशी सर्वांत जास्त वाद होतात. जीएसटी लावत असाल, तर दर तो धरून आहे की वेगळा हेही इथेच लिहा.

चूक: ‘दरासाठी मेसेज करा.’ दर लपवला की लोक तो महागच समजतात. मग खालच्या कॉमेंटमध्ये ‘रेट?’ आणि त्याखाली ‘इनबॉक्स केलाय’ अशी पन्नास ओळींची जपमाळ लागते. आठवड्याने वाचणाऱ्याला तीच दिसते आणि दर तरीही कळत नाही.

## टप्पा 3: पोस्टसाठी मेनू निवडा

तुम्हाला येणाऱ्या सगळ्या पदार्थांची यादी म्हणजे मेनू नव्हे. पोस्टमध्ये एकच ठरलेला मेनू द्या आणि दोन ठिकाणी बदलाची मुभा ठेवा, एक भाजी आणि एक गोड. पंचेचाळीस पदार्थांचं कार्ड पाठवलं की घरात चर्चा सुरू होते, सासू-सून-नणंद यांचं एकमत व्हायला आठवडा जातो आणि तोवर दुसऱ्या कुणाला ऑर्डर दिलेली असते.

वास्तुशांतीचा मेनू निवडताना चवीइतकाच विचार वाट बघण्याचा करायचा. होम लांबतो. एकची जेवणं दोनला बसतात. तासभर झाकून ठेवलं तरी ज्याचं काही बिघडत नाही, तेच पोस्टमध्ये घाला. मसालेभात टिकतो, बटाट्याची सुकी भाजी टिकते, अळूची पातळ भाजी उलट मुरते. भजी आणि गरम वडे टिकत नाहीत. बंद डब्यात वाफ धरून ते मऊ पडतात आणि यजमान ते पाहुण्यांसमोर तुमच्या नावानेच वाढतो. पुऱ्या चालतात. त्या शेवटी तळायच्या, वाफ जाईपर्यंत पसरायच्या आणि मग भरायच्या. तळल्या-तळल्या डब्यात रचल्या तर खालच्या निम्म्या चामड्यासारख्या होतात.

पोस्टमध्ये एका तरी पदार्थाचं माप द्या. ‘श्रीखंड’ आणि ‘श्रीखंड 125 ग्रॅम’ यांत वाचणाऱ्याच्या मनात मोठा फरक पडतो. ज्यावरून कमी पडल्याची तक्रार होते त्यांचंच माप पुरेसं आहे: गोड, पुरी आणि मठ्ठा. पुऱ्या पानामागे 5, मठ्ठा 200 मिली. हे माप पंगतीचं आहे. बुफेत माणूस स्वतः वाढून घेतो, तेव्हा श्रीखंड आणि सुकी भाजी जास्त जाते. त्यासाठी दर वेगळा असेल तर तोही लिहा.

थांबा, तपासा: मेनू ऋतूला धरून आहे का? डिसेंबरच्या पोस्टमध्ये आमरस राहून गेला असेल, तर पोस्ट जुनी आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. मे महिन्यात ओल्या नारळाची चटणी आणि मठ्ठा लवकर आंबतात. ते बर्फाच्या पेटीतून नेण्याची सोय नसेल तर सुकी चटणी आणि मठ्ठ्याऐवजी कोकम सरबत घ्या.

## टप्पा 4: फोटो

तीन फोटो पुरतात आणि तिन्ही तुमच्याच कामाचे हवेत.

पहिला वाढलेल्या पानाचा. खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश न लावता. पान वाढल्यावर पाच मिनिटांत काढा, कारण पुरी बसते आणि श्रीखंडाला कडेने पाणी सुटतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, हे नीट असू द्या. वास्तुशांत करणाऱ्या घरात चुकीचं वाढलेलं पान चवीच्याही आधी डोळ्यात भरतं.

दुसरा फोटो मोठ्या पातेल्याचा, भाताने भरलेल्या, शेजारी झारा. तो सुंदर दिसत नाही आणि म्हणून कुणी टाकत नाही. पण एका ताटाचा फोटो कुणीही घरी काढू शकतो, 40 जणांचा भात शिजवता येतो हे पातेलंच दाखवतं.

तिसरा, गाडीत चढवण्याआधीच्या डब्यांचा. झाकणावर पट्टी चिकटवलेली: ‘नैवेद्य’, ‘मसालेभात’, ‘अळू’. गॅस नसलेल्या घरात तुम्ही कसं देणार, याचं उत्तर या एका फोटोत आहे.

पोस्टचा अख्खा मजकूर फोटोवर छापू नका. फोटोवरच्या नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि महिन्याभराने कुणी व्हॉट्सॅपमध्ये ‘वास्तुशांत’ शोधलं तर फोटोतला शब्द सापडत नाही. फोटोवर फक्त नाव, नंबर आणि भाग असावा, कारण कुणी नुसताच फोटो पुढे पाठवला तरी तेवढं सोबत जातं.

## टप्पा 5: मजकूर लिहा, या क्रमाने

लांब मजकूर फोनवर अर्धवट दिसतो. बाकीचा ‘आणखी वाचा’च्या मागे जातो. म्हणून पहिल्या दोन ओळींत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कोणतं कार्य, किती पानं, कोणता भाग आणि गॅसची अडचण नाही. ‘घरगुती चव’, ‘रुचकर’, ‘तोंडाला पाणी’ या शब्दांना इथे जागा नाही. ते प्रत्येकाच्या पोस्टमध्ये आहेत, त्यामुळे ते वाचून तुमची निवड कुणी करत नाही.

पुण्याच्या पश्चिम भागात काम करणाऱ्या एका छोट्या केटररची पोस्ट वरच्या हिशोबाप्रमाणे अशी होईल:

> *वास्तुशांतीचं जेवण, 30 ते 80 पानं. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन.*
> नव्या घरात गॅस सुरू नसला तरी चालेल. सगळं शिजवून, गरम डब्यांत आणून देतो.
>
> *दुपारचं जेवण, कांदा-लसूण नाही*
> वरण-भात, मसालेभात, पुरी (5), बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर, चटणी, पापड, श्रीखंड (125 ग्रॅम), मठ्ठा (200 मिली).
> 40 पानांपासून पुढे: पानाला 300 रु.
> 30 ते 39 पानं: पानाला 325 रु.
> दरात आहे: पोचवणं, पत्रावळी, द्रोण, ग्लास.
> दरात नाही: वाढपी (प्रत्येकी 800 रु.), टेबल, पिण्याचं पाणी.
>
> *नैवेद्य:* दोन ताटांचे डबे आधी भरून, जेवणाआधी पोचवतो. वेगळे पैसे नाहीत.
>
> *संध्याकाळी तीर्थप्रसादाला:* कोथिंबीर वडी, ढोकळा, मसाला दूध. माणशी 90 रु., किमान 50 जण.
> प्रसादाचा शिरा सांगितल्यास सव्वाच्या मापाने, दर वेगळा.
>
> बुकिंग किमान 8 दिवस आधी. अॅडव्हान्स 40 टक्के. पानांचा नक्की आकडा 3 दिवस आधी.
> हे दर 31 डिसेंबरपर्यंत.
> FSSAI क्र.: (14 अंकी)
> व्हॉट्सॅप: (नंबर). तारीख, जेवणारी माणसं आणि भाग एवढंच लिहून पाठवा.

व्हॉट्सॅपवर ठळक अक्षरांसाठी शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारा द्यायचा. तारा आणि अक्षर यांत जागा सुटली तर ओळ ठळक होत नाही, नुसते तारे दिसतात. इमोजी हवेच असतील तर एखाद-दुसरा. प्रत्येक पदार्थापुढे एकेक लावला की मेनू वाचताच येत नाही.

फेसबुकवर नंबराऐवजी थेट चॅट उघडणारी लिंकही देता येते. देशाचा कोड 91 आणि पुढे दहा अंकी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह किंवा जागा नको:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

शेवटची ओळ नीट बघा. ‘संपर्क साधा’ म्हटलं की माणूस ‘हाय’ पाठवतो आणि पुढचे पाच प्रश्न तुम्हाला विचारावे लागतात. ‘तारीख, माणसं, भाग’ म्हटलं की पहिल्याच मेसेजमध्ये कळतं, ऑर्डर तुमच्या आवाक्यातली आहे की नाही.

चूक: याच पोस्टमध्ये तेराव्याचं किंवा श्राद्धाचं जेवण घालणं. काम तेच आहे आणि प्रामाणिकच आहे, पण नव्या घराचा मुहूर्त काढणाऱ्या माणसाला त्या ओळीत दोन्ही एकत्र वाचायला नको असतात. त्याची पोस्ट वेगळी करा.

## टप्पा 6: कुठे आणि कधी टाकायची

पंचांगात वास्तुशांतीचे मुहूर्त दिलेले असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच ते वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक गुच्छाच्या तीन-चार आठवडे आधी पोस्ट टाका. आठवडाभर आधी टाकलेली पोस्ट उशिरा पोचते, कारण गुरुजी ठरले की लगेच जेवणाचं ठरतं. तीन महिने आधीची विसरली जाते. पितृपक्षात वास्तुशांती होत नाहीत, पण दसऱ्याच्या आसपासच्या घरांची विचारपूस तेव्हाच चाललेली असते. त्यामुळे पोस्ट त्या पंधरवड्यात बंद ठेवण्याचं कारण नाही.

नव्याने ताबा मिळालेल्या इमारतींचे रहिवासी गट सगळ्यात उपयोगी. तिथे एक वास्तुशांत झाली की पुढच्या सहा महिन्यांत आणखी होणारच असतात. पण अशा गटात परक्याने शिरून पोस्ट टाकली तर अॅडमिन ती काढतो आणि नावही खराब होतं. ज्यांच्याकडे जेवण दिलंय त्यांनाच ती गटात टाकायला सांगा, किंवा जाहिरातीचा ठरलेला वार अॅडमिनला विचारून घ्या.

फोटो आणि मजकूर एकाच मेसेजमध्ये पाठवा, म्हणजे मजकूर पहिल्या फोटोखालीच लिहा. वेगवेगळे तीन मेसेज टाकले तर पुढे पाठवणारा एकच पाठवतो, आणि बहुधा नंबर नसलेला. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक ऑर्डरच्या शेवटी ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ हे सांगायला विसरू नका.

सणाच्या सकाळी पोस्ट टाकू नका. शुभेच्छांच्या लाटेत ती दहा मिनिटांत वाहून जाते. साध्या वारी रात्रीची जेवणं झाल्यावरची वेळ बरी.

## टप्पा 7: विचारणा आली की पहिलं उत्तर

पोस्टने माणूस दारापर्यंत आणला, ऑर्डर पहिल्या उत्तरावर ठरते. व्हॉट्सॅप बिझनेसमध्ये ठरीव उत्तर साठवून ठेवता येतं. त्यात एवढेच प्रश्न ठेवा:

> नमस्कार. ही तारीख मोकळी आहे. थोडी माहिती हवी:
> 1. दुपारी जेवायला किती मोठी माणसं, किती लहान मुलं?
> 2. संध्याकाळी तीर्थप्रसादाला साधारण किती?
> 3. गुरुजी पूजा किती वाजता संपेल म्हणाले?
> 4. कितवा मजला, आणि सामान नेण्याची लिफ्ट सुरू आहे का?
> 5. पंगत की बुफे? कुणाचा उपवास आहे का?

तिसरा प्रश्न मुहूर्ताचा नाही, पूजा संपण्याचा आहे. यजमान मुहूर्त सांगतो, 9 वाजून 40 मिनिटं. त्याचा जेवणाशी काही संबंध नसतो. संपायची वेळ विचारा, त्यात अर्धा-पाऊण तास मिळवा आणि पुऱ्या त्या हिशोबाने तळा.

चौथा प्रश्नही उगाच नाही. नव्या इमारतीत लिफ्टचं काम बाकी असतं, किंवा सामान नेण्याची लिफ्ट ठरावीक वेळेतच चालते. वॉचमन गाडी आत सोडत नाही. सातव्या मजल्यावर जिन्याने सहा डबे न्यायचे तर आणखी एक माणूस लागतो आणि तुमचा दर चुकतो. पहिल्या प्रश्नातून पंगतीही कळतात. रिकाम्या हॉलमध्ये साधारण 10-12 जण बसतात. 40 माणसं म्हणजे चार पंगती, म्हणजे शेवटच्या पंगतीपर्यंत दीड-दोन तास. हे यजमानाला आधी सांगितलं की अनेकदा तो स्वतःच बुफे म्हणतो किंवा वाढपी घेतो.

थांबा, तपासा: ठरलेलं सगळं शेवटी एका मेसेजमध्ये लिहून पाठवा: तारीख, पोचण्याची वेळ, पानं, मेनू, दर, अॅडव्हान्स मिळाला ती रक्कम, बाकी कधी. शिवाय दोन अटी. तीन दिवस आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा पानं कमी झाली तरी पैसे तेवढेच. ऐनवेळी 10 टक्क्यांपर्यंत वाढली तर त्याच दराने देऊ, त्याहून जास्त शक्य नाही. वाढीव तयारीचे 520 रुपये हिशोबात धरले होते, ते या ओळीसाठीच. यजमानाचं ‘ठीक आहे’ आलं की तारीख वहीत पक्की करा, त्याआधी नाही.

## टप्पा 8: पोस्ट जिवंत ठेवा, आणि इतर कार्यांसाठी बदला

तारीख भरली की त्याच पोस्टखाली किंवा स्टेटसवर लिहा: ‘12 आणि 13 तारीख भरली, 19 ला एक ऑर्डर घेता येईल.’ हे खोटं लिहू नका. एका सोसायटीतल्या दोघांनी तारीख विचारली की लगेच उघडं पडतं. दर बदलला तर जुनी पोस्ट काढून नवी टाका. नाहीतर वर्षापूर्वीचा 260 चा फोटो कुणीतरी काढून दाखवतो आणि तुम्हाला मान्य करावं लागतं.

कार्य झाल्यावर यजमानाकडून दोन ओळी मागा, पण ‘छान होतं’ एवढ्यावर थांबू नका. ‘वेळेवर आलं का? पुरलं का?’ असं विचारलं की ‘पावणेबाराला नैवेद्य आला, 42 जण जेवले, पुरलं’ असं उत्तर मिळतं, आणि पुढच्या पोस्टला तेच लागतं. नाव आणि घराचा फोटो टाकण्याआधी परवानगी घ्या. देवघर आणि पाहुण्यांचे चेहरे वगळलेलेच बरे.

इतर कार्यांना सांगाडा तोच, फक्त पहिल्या दोन ओळी आणि अडचणीचं उत्तर बदलतं. डोहाळजेवणाला गॅस-लिफ्टचा प्रश्न नसतो. तिथे बायकांची संख्या जास्त, वेळ संध्याकाळची, आणि ओटीनंतर खायला चटपटीत लागतं. तेव्हा पोस्टमध्ये पदार्थांची विविधता आणि मांडणीचा फोटो पुढे आणा. बारशाला घुगऱ्या देणार का, ही ओळ हवी. केळवणाला पाहुणे 15-20 च असतात, म्हणजे ते तुमच्या किमान पानांच्या खाली जातं. त्यासाठी वेगळा, वाढीव दराचा मेनू असेल तरच ती पोस्ट करा. एकसष्टीला जेवणारे साठीच्या पुढचे बरेच असतात. तिथे ‘कमी तिखट, कमी तेल, साखर नसलेलं एक गोड मिळेल’ ही ओळ वर घ्या आणि टेबल-खुर्चीचं काय ते दरातच सांगा, कारण ती मंडळी खाली पंगतीला बसत नाहीत.